आठवी-नववीच्या वर्गात वाचनपेटी कशी चालवायची: कपाटाच्या कुलपापासून ऊसतोडीच्या फडापर्यंत

हे लिहितोय ते नव्याने लागलेल्या भाषेच्या शिक्षकांसाठी, आणि ज्यांच्या गळ्यात हेडमास्तरांनी 'ग्रंथालय विभाग' टाकलाय त्यांच्यासाठी. मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. आमच्याकडं वेगळा ग्रंथपाल नाही, वाचनालयाची वेगळी खोली नाही, एक लोखंडी कपाट आहे आणि ते ऑफिसात आहे. म्हणून थोडी निवडक पुस्तकं एका पेटीत घालून वर्गातच ठेवायची आणि पोरांना वाचायला, घरी न्यायला द्यायची, तीच वाचनपेटी. बहुतेक गावातल्या शाळांचं हेच चित्र आहे म्हणून त्याच हिशोबानं सांगतो. मोठ्या शहरातल्या शाळांना यातलं अर्ध लागू होणार नाही, त्यांनी ते सोडून द्यावं.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. असर संस्थेनं २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण पोरांची पाहणी केली होती. त्यात साधारण चारातल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता, आणि स्मार्टफोन मात्र दहातल्या नऊ जणांना चालवता येत होता. म्हणजे आठवी-नववीच्या वर्गात 'मोबाइलमुळं पोरं वाचत नाहीत' असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळी पोरं असतात: एक ज्याला वाचता येतं पण वाचावंसं वाटत नाही, आणि एक ज्याला वाचायला जड जातं म्हणून तो लपवतो. दोघांना एकच औषध चालत नाही, त्याचं पुढं पाचव्या पायरीत बघू.

१. पोरं आत्ता काय वाचतात ते आधी विचारा

वर्गात जाऊन 'वाचनाची आवड कुणाकुणाला आहे' असं विचारू नका, सगळे हात वर करतात. त्याऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही म्हणून सांगा, आणि एवढंच विचारा की काल झोपायच्या आधी फोनवर किंवा कागदावर काय काय वाचलं. मग कळतं की पोरं भरपूर वाचतात: इन्स्टावरच्या शायरीच्या पोस्ट, क्रिकेटच्या बातम्या, गेमच्या चॅटमधले मेसेज, पोलिस भरतीचे प्रश्नसंच, प्रतिलिपीवरच्या भुताच्या नाहीतर प्रेमाच्या क्रमशः कथा. आमच्या वर्गातल्या पोरी प्रतिलिपी आईच्या फोनवर वाचायच्या आणि हे वाचन आहे असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं.

ह्या चिठ्ठ्या जपून ठेवा, पुस्तकं निवडताना ह्याच कामाला येतात. चिठ्ठ्यांत भुतं, क्रिकेट, भरती आणि प्रेम आलं असेल आणि आपण पेटीत संस्कारकथा भरल्या तर पेटी पहिल्याच आठवड्यात मेली म्हणून समजा.

२. कपाटाचं कुलूप काढायचं म्हणजे आधी कागद करायचे

कपाट बंद का असतं? आपण म्हणतो शिक्षकांना आस्था नाही, पण खरं कारण चार्ज आहे. पुस्तकं ज्याच्या नावावर, हरवली तर भरून तोच देणार, बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यायचं, ऑडिटला उत्तर द्यायचं. मग कोण कशाला पोरांच्या हातात देईल. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच पहिला नियम सांगून ठेवलाय की पुस्तकं वापरासाठी आहेत, पण चार्जच्या भीतीपुढं रंगनाथन टिकत नाहीत. म्हणून ही भीती कागदावरच मिटवावी लागते.

लागणारे कागद आणि सामान असं:

- दाखल रजिस्टर, म्हणजे ज्यात प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. बहुतेक शाळांत असतं, फक्त वर्षानुवर्षं नोंदी झालेल्या नसतात.
- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (खासगी शाळा असेल तर शाळा समितीचा). त्यात तीन वाक्यं हवीत: अमुक पुस्तकं वर्गपेटीसाठी वर्गशिक्षकाकडं दिली, ती पोरांना घरी न्यायला परवानगी आहे, आणि वापरात फाटलेली किंवा हरवलेली पुस्तकं वर्षाअखेर अमुक टक्क्यांपर्यंत निर्लेखित करायला समितीची मान्यता राहील.
- एक साधी दोनशे पानी वही, देवघेवीसाठी.
- झाकणाची प्लास्टिक पेटी नाहीतर पत्र्याची ट्रंक, रुंद सेलोटेप, कात्री, स्केचपेन.

ठरावातलं तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही दहा टक्के लिहून घेतलं. सत्तर पुस्तकांत सात गेली तर कुणाच्या पगारावर येत नाही एवढं हेडमास्तरांना दिसलं की किल्ली मिळते. तोंडी 'बघू, घ्या तुम्ही' यावर विसंबू नका, हेडमास्तर बदलले की तोंडी परवानगीपण बदलते.

३. पेटी भरा, पण थोडीच

आमचा हिशोब सांगतो म्हणजे अंदाज येईल. वर्ग पंचेचाळीस पोरांचा. पेटीत सत्तर पुस्तकं ठेवायची ठरलं, कारण पोरांपेक्षा पुस्तकं थोडी जास्त असली की निवडायला जागा राहते, आणि फार जास्त असली की पोरं नुसती चाळत बसतात.

यातली वीस कपाटातून निघाली. कपाटात तीनशेच्या वर पुस्तकं होती तरी वीसच, कारण बाकीची जुनी गाईडं, कुठल्या तरी अभियानात आलेल्या एकाच पुस्तकाच्या तीस-तीस प्रती, आणि बारीक टाइपाची बोधपर चरित्रं. पंधरा गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून आणली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी अशी 'क' नाहीतर 'ड' वर्गाची वाचनालयं मराठवाड्यात बऱ्याच गावांत आहेत, तिथं पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात आणि पुस्तकांना कुणी हात लावत नाही. शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, एका खेपेला पंधरा-वीस पुस्तकं महिन्याच्या बोलीवर मागा. वाचनालयवाल्यांना तपासणीत देवघेव दाखवायला हवीच असते, त्यामुळं सहसा नाही म्हणत नाहीत.

उरलेली पस्तीस विकत घेतली, साधारण चार हजारात. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षामधून ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, इयत्तांप्रमाणं रक्कम ठरते, तेवढी विचारून घ्या. आमची संस्थेची शाळा, आम्ही दहावीच्या माजी विद्यार्थ्यांकडून निरोप समारंभाच्या भेटीऐवजी पैसे घेतले. भिंतीवरचं घड्याळ कुणालाच नको असतं.

काय घ्यायचं? पातळ पुस्तकं जास्त, साठ ते शंभर पानांची. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात आणि त्यांत विज्ञानाची चांगली आहेत. साहसाच्या मालिका घ्या, फास्टर फेणेसारख्या, कारण मालिकेचा फायदा असा की पहिलं आवडलं की दुसरं कुठलं वाचायचं हा प्रश्नच पडत नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे अंक घ्या, १९७१ पासून निघतंय, आणि गोष्ट छोटी असल्यामुळं एका बैठकीत संपते. भुताच्या आणि रहस्याच्या कथा घ्या, नाक मुरडू नका. क्रिकेट, कुस्ती घ्या. आपल्या भागातल्या बोलीत लिहिलेलं काहीतरी नक्की ठेवा. आमच्या एका पोरीनं इंद्रजित भालेरावांच्या कविता उघडल्या आणि शेजारणीला म्हणाली, "अगं ह्यो तर आपल्यावानीच बोलतोय की." भालेराव परभणीचे, शेतातल्या माणसांवर लिहिणारे. पुण्या-मुंबईच्या सोसायटीतल्या गोष्टी वाचून वाचून पोरांना वाटायला लागतं की पुस्तकातली माणसं वेगळ्याच जातीची असतात.

सापळा: खरेदी एकट्यानं करू नका. दोन पोरं, दोन पोरी सोबत न्या. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव असतो तिथं नेता आलं तर उत्तम, नाहीतर तालुक्याच्या पुस्तकाच्या दुकानात. निम्मे पैसे त्यांच्या निवडीवर सोडा. त्यांनी निवडलेलं एखादं पुस्तक तुम्हाला फालतू वाटेल, वाटू द्या. फक्त एक बघा, प्रेमकथा किंवा मोठ्यांची कादंबरी असेल तर आधी स्वतः वाचून घ्या, कारण एखाद्या पालकानं उद्या शाळेत येऊन विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

४. वीस मिनिटं, वेळापत्रकात लिहून

'वेळ मिळेल तसं वाचा' म्हणजे कधीच नाही. मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेतली पहिली वीस मिनिटं घ्या, आठवड्यातून तीनदा तरी. ती वेळ यासाठी की पोरं तशीही खेळून आलेली असतात आणि पहिली दहा मिनिटं वर्ग शांत करण्यातच जातात. वेळापत्रकावर छापून हेडमास्तरांची सही घ्या. नाहीतर कधी पोर्शन मागं पडला, कधी चाचणी आली, कधी ऑफिसातून 'सर ती लिंक आजच भरायची आहे' म्हणून बोलावणं आलं, असं करत दिवाळीपर्यंत तासिका गायब होते.

त्या वीस मिनिटांचे नियम चारच. पुस्तक पोरानं स्वतः निवडायचं. नाही आवडलं तर अर्ध्यात ठेवून दुसरं घ्यायचं, कारण विचारायचं नाही. कुणाला त्रास न देता कुठंही, कसंही बसायचं. आणि शिक्षकानं पण वाचायचं. ह्या चौथ्यावर सगळं अडतं. आपण वह्या तपासत बसलो की पोरांना बरोबर कळतं की हे वाचणं फक्त त्यांच्यासाठी आहे. फोन खिशात ठेवा, पुस्तक हातात घ्या आणि खरंच वाचा. माझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाई टेबलावर न बसता पोरींच्या रांगेत खाली सतरंजीवर बसून वाचायच्या, त्यांचा वर्ग माझ्यापेक्षा लवकर रुळला.

काय करू नये तेही ऐका. वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नका. प्रश्न विचारू नका. 'यातून काय बोध घेतला' हे तर अजिबात नको, त्या प्रश्नासाठी पोरं शेवटचं पान वाचून उत्तर तयार ठेवतात. 'महिन्यात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस' ही स्पर्धा लावली की पेटीतली सगळ्यात पातळ पुस्तकं फिरायला लागतात, जाडीला कुणी हात लावत नाही, आणि वहीत खोट्या नोंदी सुरू होतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, फोटो अपलोड करायचे असतात, ते करा, त्याला इलाज नाही, पण फोटोसाठी पोरांना रांगेत बसवून पुस्तकं डोळ्यासमोर उभी धरायला लावणं वीस मिनिटांच्या तासिकेत करू नका. त्यासाठी वेगळी वेळ काढा.

देवघेवीच्या वहीत रकाने पाच पुरे: तारीख, नाव, दाखल क्रमांक, परत तारीख, आणि शेवटी एक छोटा रकाना ज्यात पोरानं फक्त एक खूण करायची. पूर्ण वाचलं तर बरोबरची, अर्ध्यात सोडलं तर फुली, पुन्हा वाचावंसं वाटलं तर चांदणी. वही आठवीतल्याच दोन पोरांच्या ताब्यात द्या, दर महिन्याला जोडी बदला. दंड ठेवू नका. दंड ठेवला की ज्याच्याकडून हरवतं तो पुस्तकही आणत नाही आणि पेटीजवळही येत नाही.

५. ज्याला वाचायला जड जातं त्याचं काय

ही पोरं ओळखायला सोपी नाहीत कारण आठवीपर्यंत येताना ती लपवण्यात तरबेज झालेली असतात. खूण अशी: रोज वेगळं पुस्तक घेतो. चित्रं बघून ठेवतो. पानं एकाच वेगानं उलटतो, म्हणजे मजकुराचं पान आणि चित्राचं पान दोन्हीला सारखाच वेळ. तुमची नजर गेली की ओठ हलवतो.

आमच्या नववीत असा एक होता. उंच, कबड्डीत पुढं, मागच्या बाकावर. त्याच्या नावापुढं वहीत पहिल्या तीन आठवड्यांत नऊ पुस्तकं, नऊच्या नऊ फुल्या. मी त्याला वर्गात काही बोललो नाही. खेळाच्या तासाला किशोरचा अंक घेऊन बाजूला बसवलं आणि म्हणलं एक पान माझ्यासाठी वाच, अडशील त्या शब्दाला एक बोट मीट. तिसऱ्या ओळीत पाचही बोटं मिटली. अडायचा तो जोडाक्षरांवर: 'उत्स्फूर्त', 'निष्क्रिय', असे शब्द आले की गाडी बंद. साध्या शब्दांवर बरा चालायचा. ही पाच बोटांची युक्ती जुनीच आहे, एका पानात पाचच्या वर शब्द अडले तर ते पुस्तक आत्ता ठेवून द्यायचं आणि सोपं घ्यायचं. अडचण ही की नववीतल्या पोराच्या हातात तिसरीचं चित्रांचं पुस्तक दिलं तर वर्ग हसतो.

यावर दोन गोष्टी केल्या. त्याला सांगितलं की पाचवीच्या वर्गात शनिवारी लेकरांना गोष्टी वाचून दाखवायला मोठं पोरगं पाहिजे, तू जा. आता सोपी पुस्तकं घ्यायला त्याच्याकडं मानाचं कारण होतं, आणि चुकू नये म्हणून तो आदल्या दिवशी घरी दोन-तीनदा वाचून जायचा. दुसरं, मी वर्गात आठवड्यातून एकदा पाच-सात मिनिटं एक रहस्यकथा मोठ्यानं वाचायला लागलो आणि मुद्दाम ऐन रंगात आल्यावर थांबायचो, पुस्तक पेटीत ठेवायचो. अर्धी गोष्ट कानावर पडलेली असली की माणसांची नावं, जागा, काय चाललंय हे माहीत असतं, मग कच्च्या पोरालाही पुढची पानं ओढत नेता येतात. डिसेंबरात त्याच्या नावापुढं पहिली चांदणी आली ती ह्याच पुस्तकाला. त्यानंतरही फुल्या होत्याच, सगळं छान झालं असं सांगत नाही, दहावीत त्याला मराठीत जेमतेम मार्क पडले.

जड जाणाऱ्या पोरांना पहिल्या महिन्यात पुटपुटत वाचू द्या. जोडीनं वाचू द्या. 'मनात वाचा, आवाज नको' हा नियम त्यांच्यासाठी फार लवकर येतो.

६. फोन: भांडू नका, संध्याकाळ वापरा

शाळेत फोन नाही, हे बरंच आहे, तसंच राहू द्या. पण घरी संध्याकाळी बाप रानातून आला की फोन पोराच्या हातात जातो, त्यातली थोडी वेळ आपल्याला मिळू शकते. आम्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेआठला एका गोष्टीचा एक तुकडा टाकायचो, फोनच्या दोन स्क्रीनमध्ये मावेल एवढाच, टाइप केलेला. पीडीएफ टाकली की कुणी उघडत नाही, डाउनलोड करा, झूम करा, इकडं तिकडं सरकवा, तोवर रील सुरू झालेली असते. तुकडा नेहमी अडनिड्या जागी तोडायचा. सकाळी कुणीतरी विचारतंच, "सर, त्यो विहिरीत कोण होता ओ?"

काय टाकता येतं ह्याची काळजी घ्या. नव्या कादंबऱ्यांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, त्या फुकट असल्या तरी चोरीच्याच आहेत, शाळेच्या ग्रुपवर अजिबात नको. आपल्याकडं लेखक वारल्यानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळं १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. मराठी विकिस्रोतवर असं जुनं साहित्य टाइप केलेलं मिळतं, सरळ कॉपी होतं. प्रथम बुक्सच्या storyweaver.org.in वर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, वर पातळीही लिहिलेली असते, चौथ्या पातळीच्या आठवीला चालतात. किशोरचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत, पण ते स्कॅन आहेत, छोट्या स्क्रीनवर त्रास होतो, ते शाळेच्या कॉम्प्युटरवर बघितलेले बरे.

ज्यांच्या घरी फोनच नाही किंवा जिथं फोन भावाच्याच हातात असतो, तिथं पोरींची पंचाईत होते. त्यांच्यासाठी तोच तुकडा सकाळी फळ्याशेजारी कागदावर चिकटवा.

७. दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो त्याची तयारी

हे आमच्या पट्ट्यातलं दुखणं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि वर्गातली बरीच पोरं आईबापासोबत जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. वाचायला नुकतं लागलेलं पोरगं मधले चार-पाच महिने तुटतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी यादी करा, कोण जाणार आणि कोण मागं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहणार. जाणाऱ्या प्रत्येकाला तीन पुस्तकं द्या: एक सोपं, एक मालिकेतलं, एक त्यानं स्वतः निवडलेलं. कव्हरला सेलोटेप मारा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, कारण पाचटाच्या खोपीत पाऊस, धूर, उंदीर सगळंच असतं. वहीत परत तारखेच्या रकान्यात 'हंगामानंतर' लिहा, त्यात काही बेकायदा नाही, ठरावात घरी न्यायची परवानगी आधीच घेतलेली आहे. ह्यातली काही पुस्तकं येणार नाहीत, दहा टक्क्यांची सोय त्यासाठीच होती. येतील ती फाटलेली, उसाच्या चिकानं काळी पडलेली येतील, ती नीट चिकटवून पुन्हा पेटीत टाका, नवीन पुस्तकांपेक्षा पोरं तीच आधी उचलतात कारण ती फिरून आलेली असतात हे त्यांना माहीत असतं.

मार्चअखेर पेटी मोजायची. दाखल रजिस्टरशी ताळा करा, गेलेल्यांची यादी समितीपुढं ठेवून निर्लेखनाचा ठराव घ्या, आणि वर्षभरात ज्या पुस्तकांना एकही खूण मिळाली नाही ती पेटीतून काढून परत कपाटात ठेवा. पुढच्या जूनसाठी तेवढी जागा रिकामी झाली की माजी विद्यार्थ्यांना आत्ताच फोन लावा, मेमध्ये लग्नसराई असते, तेव्हा कुणी पैशाचं बोलत नाही.